परदेशातल्या क्लायंटला मेल कोणत्या दिवशी, किती वाजता पाठवायचा?

मेल पाठवायला उत्तम वेळ कोणती असं विचारलं की ‘मंगळवार किंवा गुरुवार, सकाळी दहा’ हे उत्तर हमखास मिळतं. ते अगदीच चुकीचं नाही, पण ते जाहिरातीच्या घाऊक मेलसाठी आहे. हजारो लोकांना एकच मजकूर गेला तर त्यांतले जास्तीत जास्त लोक तो कधी उघडतील, एवढाच हिशोब त्यामागे असतो. तुमच्याकडे परदेशातले मोजके क्लायंट असतील आणि त्यांना कोटेशन, कामाचा मसुदा, बिल किंवा एखादी शंका पाठवायची असेल, तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. मेल नुसता उघडला गेला म्हणून तुमचं काम पुढे सरकत नाही. तुम्हाला उत्तर हवं असतं, आणि त्या उत्तरात पुष्कळदा एक उलटप्रश्न असतो.

त्या उलटप्रश्नावरच सगळं अडतं. क्लायंटने ‘दुसऱ्या टप्प्यात चाचणी धरली आहे का?’ असं विचारलं, तेव्हा तुम्ही जागे असाल तर दहा मिनिटांत उत्तर जातं आणि त्याच दिवशी मंजुरी येते. तुम्ही झोपलेले असाल तर तुमचं उत्तर सकाळी जातं, तेव्हा तो झोपलेला असतो. एका ओळीच्या शंकेपायी अख्खा दिवस जातो. म्हणून मी वेळ निवडताना दोन गोष्टी एकत्र बघतो: क्लायंट मेल हातावेगळे करायला कधी बसतो, आणि त्यानंतरचे दोन-तीन तास मी उत्तर द्यायला हजर असेन का. या दोन्ही जिथे जुळतात ती तुमची वेळ. ती प्रत्येक क्लायंटची वेगळी निघते, पण काढायची रीत एकच आहे.

ही रीत एका उदाहरणावरून बघू. तुम्ही भारतातून काम करता. क्लायंट कंपनीचा पत्ता न्यूयॉर्कचा आहे आणि मंजुरी तिथल्या एक मॅडम देतात. काम सोमवारी, 16 मार्च 2026 ला सुरू व्हायला हवं आणि त्यासाठी कोटेशनला होकार हवा आहे. मेल कधी पाठवायचा?

आधी माणूस नेमका कुठे बसतो ते शोधा

कंपनीचा पत्ता न्यूयॉर्कचा म्हणजे मंजुरी देणारी व्यक्तीही तिथेच बसते असं धरून चालू नका. घरून काम करणारे लोक देशाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. अमेरिकेत मुख्य भूमीवरच चार टाइम झोन आहेत आणि न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया यांच्यात तीन तासांचं अंतर पडतं. फोन नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरूनही अंदाज बांधू नये, कारण लोक शहर बदलतात आणि मोबाइल नंबर तोच ठेवतात.

खात्रीचा पुरावा तुमच्या इनबॉक्समध्येच असतो. त्यांनी तुमच्या एखाद्या मेलला दिलेलं जुनं उत्तर उघडा आणि खाली जोडून आलेला तुमचाच मजकूर बघा. त्याच्या डोक्यावर अशी ओळ असते:

```
On Tue, Mar 3, 2026 at 9:31 AM ... wrote:
```

ही वेळ तुमच्या मेलची आहे, पण त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली. आता Sent फोल्डरमध्ये तोच मेल काढा. तिथे 3 मार्च, रात्री 8:01 दिसत असेल, तर दोन घड्याळांमधलं अंतर साडेदहा तास झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात तेवढंच अंतर असतं. म्हणजे मॅडम खरोखर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर काम करतात. हेच अंतर साडेतेरा तास निघालं असतं, तर त्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर असत्या. आउटलुकमधून आलेल्या उत्तरात हीच माहिती `Sent:` या ओळीत सापडते.

दुसरा मार्ग हेडरचा. जीमेलमध्ये त्यांचा मेल उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतलं `Show original` निवडलं की अशी एक ओळ दिसते:

```
Date: Thu, 5 Mar 2026 09:42:10 -0500
```

शेवटचा `-0500` म्हणजे त्यांचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे आहे. मात्र तिथे `+0000` दिसलं तर त्यावरून माणूस लंडनला बसतो असं समजू नका. बऱ्याच कंपन्यांचे मेल सर्व्हर स्थानिक वेळ न लिहिता सरळ यूटीसी लिहून टाकतात. अशा वेळी जोडून आलेल्या मजकुराची ओळच कामाला येते.

क्लायंट अगदी नवा असेल आणि एकही उत्तर आलेलं नसेल, तर पहिल्याच मेलमध्ये विचारा की तुम्ही कोणत्या शहराच्या वेळेनुसार काम करता. हा प्रश्न कुणाला खटकत नाही. उलट समोरच्याला बरं वाटतं की हा माणूस आपल्या वेळेचा विचार करतो.

त्या मेल कधी हातावेगळे करतात?

आता त्यांची मागची दहा-पंधरा उत्तरं काढा आणि प्रत्येकाची वेळ त्यांच्या घड्याळात लिहून ठेवा. मेल कधी उघडला हे आपल्याला कळत नाही, पण उत्तर कधी आलं हे नक्की कळतं, आणि उत्तर देण्याची वेळ हीच कामाची वेळ.

आपल्या उदाहरणात हिवाळ्यातली उत्तरं भारतीय वेळेनुसार रात्री पावणेआठ ते नऊच्या दरम्यान आलेली आहेत आणि दोन-तीन मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या आसपास. हिवाळ्यातलं साडेदहा तासांचं अंतर वजा केलं की त्यांच्याकडचे सव्वानऊ ते साडेदहा आणि दुपारचे दोन ही वेळ मिळते. चित्र स्पष्ट आहे: मॅडम सकाळी आल्या आल्या मेलला बसतात, मग बहुधा बैठकांमध्ये जातात आणि जेवणानंतर पुन्हा एकदा इनबॉक्स बघतात.

मेल या सव्वानऊच्या थोडा आधी पोचायला हवा, साधारण नऊ वाजून पाच-दहा मिनिटांनी. इनबॉक्समध्ये नवा मेल वर येतो आणि जुना खाली जातो. तुम्ही तुमच्या दुपारी तीनला मेल पाठवून मोकळे झालात, तर तो त्यांच्याकडे पहाटे पोचतो आणि त्या येईपर्यंत त्याच्यावर रात्रभराचे रिपोर्ट, जाहिराती, सिस्टिमच्या सूचना आणि लवकर उठणाऱ्या सहकाऱ्यांचे मेल येऊन बसतात. त्या वरून खाली येत येत तुमच्या मेलपर्यंत पोचतील तोवर पहिल्या बैठकीची वेळ झालेली असते. काही लोक जुन्या मेलपासून सुरुवात करतात, हे खरं. पण तसं असेल तर त्यांच्या उत्तरांच्या वेळांवरून तेही लक्षात येतं: तुम्ही कितीही वाजता पाठवला तरी उत्तर ठरलेल्या वेळेलाच येतं. अशा क्लायंटसाठी मिनिटांची काळजी करू नका, फक्त सकाळ साधा.

बरोबर नऊ किंवा बरोबर दहाचा ठोका मात्र टाळावा. शेड्यूल केलेले मेल बहुतेक लोक पूर्ण तासावरच लावतात, त्यामुळे त्या मिनिटाला गर्दी होते. 9:07 सारखी आडवेळ लावायला काही खर्च येत नाही.

पहिल्यांदाच एखाद्या कंपनीला मेल पाठवत असाल तर आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. काही सर्व्हर अनोळखी पत्त्यावरून आलेला पहिला मेल मुद्दाम परत फिरवतात आणि ‘थोड्या वेळाने पुन्हा पाठवा’ असं पाठवणाऱ्या सर्व्हरला सांगतात. खरा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, स्पॅम पाठवणारे बहुधा करत नाहीत. या पद्धतीला ग्रेलिस्टिंग म्हणतात. तुमचा मेल हरवत नाही, पण उशिरा पोचतो, कधी काही मिनिटं तर कधी त्याहून बराच जास्त. म्हणून पहिला मेल ठरलेल्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पाठवलेला बरा.

मग आपली वेळ बघा

मॅडम नऊ वाजून सात मिनिटांनी आलेला मेल साडेनऊच्या सुमारास वाचतील. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात (हा आठवडा का महत्त्वाचा, ते पुढे येतंच) तेव्हा भारतात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्यांची शंका सव्वासातला आली, तुम्ही साडेसातपर्यंत उत्तर दिलं, तर ते त्यांच्याकडे सकाळी दहाला पोचतं, म्हणजे त्या अजून मेलवरच असताना. तुम्ही रात्री साडेनऊपर्यंत फोनजवळ असलात की त्यांची सगळी सकाळ तुम्हाला मिळाली.

याउलट तुम्ही मेल त्यांच्या दुपारी दोनच्या फेरीसाठी पाठवलात, तर तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील. मेल वाचला जाईल, कदाचित शंकाही येईल, पण तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाईल आणि ते वाचलं जाईल त्यांच्या दुसऱ्या दिवशी. कागदावर दोन्ही वेळा ‘क्लायंट मेल बघतो ती वेळ’ याच आहेत, पण एका वेळेत शंका-समाधान अर्ध्या तासात उरकतं आणि दुसरीत त्याला एक अख्खा दिवस लागतो.

त्यामुळे ज्या मेलवर प्रश्न येणार हे ठाऊक आहे (कोटेशन, मसुदा, वेळापत्रकातला बदल), तो नेहमी दोघंही जागे असतानाच्या पट्ट्यात पाठवायचा, आणि तोही पट्ट्याच्या सुरुवातीला. ज्यावर काहीच प्रश्न येणार नाही, जसं की पैसे मिळाल्याची पोच किंवा त्यांनी मागितलेली फाइल, तो केव्हाही गेला तरी चालतो. आणि एखादी गोष्ट बंद पडली असेल, पैसे चुकीच्या खात्यात चालले असतील, तर वेळ बघत बसू नका. तो मेल लगेच पाठवा आणि वर फोनही करा.

युरोपातल्या क्लायंटच्या बाबतीत भारतातून हे काम बरंच सोपं पडतं. बर्लिनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्याच्या वेळापत्रकात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. त्यांचा बहुतेक कामाचा दिवस तुमच्या जागेपणातच येतो, म्हणून तिथे सकाळची वेळ चुकली तरी दुपार हाताशी असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं सगळ्यात अवघड. तिथले सकाळचे नऊ म्हणजे भारतातले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. अशा क्लायंटसाठी मेलमध्येच संभाव्य शंकांची उत्तरं लिहून टाकावी लागतात, कारण उलटप्रश्नाची चैन परवडत नाही.

दिवस उलटा मोजत या

वार ठरवताना ‘मंगळवार चांगला’ असं म्हणून सुरुवात करू नका. उत्तर कधीपर्यंत हवं तिथून मागे या.

आपल्या उदाहरणात काम सोमवारी 16 तारखेला सुरू व्हायचं आहे. शुक्रवारी, 13 तारखेला होकार आला तरी वरवर पाहता चालेल. पण त्यांची शुक्रवार दुपार म्हणजे भारतातली शुक्रवारची मध्यरात्र. त्यात काही त्रुटी निघाली तर दुरुस्ती सोमवारशिवाय होत नाही. म्हणून खरी मुदत गुरुवार, 12 तारीख. एका शंकेसाठी एक दिवस आणि मॅडम बैठकीत अडकल्या तर म्हणून आणखी एक दिवस सोडला, की मंगळवार, 10 तारीख येते. बघा, मंगळवारच निघाला, पण आता तो का ते आपल्याला ठाऊक आहे. मंजुरी दोन जणांकडून लागणार असती, तर आपण आदल्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत मागे गेलो असतो.

सोमवारबद्दल एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. तुमची सोमवारची सकाळ म्हणजे न्यूयॉर्कमधली रविवारची रात्र. आठवड्याची उत्साहात सुरुवात करून तुम्ही सकाळी नऊला मेल पाठवता आणि तो तिथे सुट्टीच्या दिवशी रात्री जाऊन पडतो. सोमवारी सकाळी त्या दोन दिवसांचा साचलेला ढीग उपसत असतात आणि तुमचा मेल त्याच ढिगात असतो. सोमवारीच पाठवणं भाग असेल तर निदान तुमच्या रात्री पाठवा, म्हणजे तो ढीग उपसून झाल्यावर त्यांच्यासमोर येईल.

शनिवार-रविवारची सुट्टी सगळीकडे असते असंही नाही. सौदी अरेबिया आणि इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवार हा आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. तिथल्या क्लायंटसाठी आपल्या शुक्रवारचं सगळं गणित गुरुवारला लावायचं, आणि आपला रविवार म्हणजे त्यांचा सोमवार. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कार्यालयांनी 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी पद्धत स्वीकारली. शारजामध्ये मात्र सरकारी सुट्टी शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची ठेवली. म्हणजे दुबई आणि शारजा अगदी शेजारी असूनही शुक्रवारची सकाळ दोन्हीकडे सारखी नाही. क्लायंट सरकारी नसेल तर त्याच्या कंपनीची पद्धत विचारून घेणंच चांगलं.

सुट्ट्यांसाठी देशाची यादी पुरत नाही, राज्याचीही बघावी लागते. जर्मनीत बऱ्याच सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. 31 ऑक्टोबरला हॅम्बुर्गमध्ये सुट्टी असते, म्युनिकमध्ये नसते. शिवाय गुरुवारी सुट्टी आली की मधला शुक्रवार रजा टाकून चार दिवस जोडून घेण्याची तिथे रीत आहे. 2026 मध्ये 14 मे हा असाच गुरुवार आहे. तुमच्या कॅलेंडरवर 15 मे साधा कामाचा दिवस दिसेल आणि तिकडे अर्धं ऑफिस रिकामं असेल. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच होतं. खरं तर त्या आठवड्यात बुधवार दुपारनंतर उत्तराची आशाच धरू नये.

आणि ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप उत्तर आलं तर त्यातली परतण्याची तारीख टिपून घ्या. आठवण करणारा मेल त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी पाठवा. परतल्याचा पहिला दिवस साचलेल्या मेलमध्येच जातो.

घड्याळ त्या तारखेचं बघा, आजचं नाही

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. भारतात घड्याळं वर्षभर तशीच राहतात. अमेरिकेच्या बहुतांश भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. 2026 मध्ये हे दिवस 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर आहेत. म्हणजे भारत-न्यूयॉर्क अंतर 7 मार्चला साडेदहा तास आहे आणि 9 मार्चला साडेनऊ.

आपलं कोटेशन 10 मार्चला जायचं आहे. समजा तुम्ही ते 5 तारखेलाच लिहून ठेवलं आणि फोनवरच्या जागतिक घड्याळात बघून साडेदहा तासांचा हिशोब केला. तिथले 9:07 म्हणजे इथले 7:37, असं म्हणून मेल लावून टाकला. 10 तारखेला तो प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या 10:07 ला पोचेल. मॅडमची सकाळची मेलची बैठक आटोपत आलेली असेल, कोटेशन दोन वाजताच्या फेरीवर जाईल, आणि तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा. तासाभराच्या चुकीने दिवस गेला, आणि तुम्हाला वाटेल की क्लायंट टाळाटाळ करतोय. बरोबर वेळ होती संध्याकाळी 6:37.

हे टाळायला सर्वांत भरवशाची युक्ती कॅलेंडरची. गूगल कॅलेंडरमध्ये पाठवण्याच्या तारखेला एक नोंद तयार करा, वेळेशेजारच्या `Time zone` वर जाऊन न्यूयॉर्कची वेळ निवडा आणि 9:07 लिहून सेव्ह करा. नोंद तुमच्या कॅलेंडरवर तुमच्या वेळेत दिसेल, आणि ती त्या तारखेला लागू असलेल्या अंतरानेच काढलेली असेल. स्प्रेडशीटमध्ये ‘साडेदहा तास वजा’ असं सूत्र टाकून ठेवलं असेल तर ते काढून टाका. वर्षातला मोठा भाग ते चुकीचं उत्तर देतं.

युरोपची घड्याळं वेगळ्या दिवशी बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. 2026 साठी 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर. तुमचे क्लायंट दोन्हीकडे असतील तर 8 ते 29 मार्चच्या दरम्यान एकाचं अंतर बदललेलं असतं आणि दुसऱ्याचं नाही. सिडनीत उलटं चालतं, घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्याच देशातल्या ब्रिस्बेनमध्ये ते बदलतच नाही. अमेरिकेतही अ‍ॅरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलत नाही. म्हणून कॅलेंडरमध्ये नेहमी शहर निवडावं, देशावर किंवा नुसत्या तासांच्या आकड्यावर विसंबू नये.

दर मंगळवारी ठरलेल्या वेळेला आपोआप जाणारे मेल लावले असतील, तर या तारखांच्या आदल्या शुक्रवारी स्वतःसाठी आठवण लावून ठेवा.

शेड्यूल करताना

जीमेलमध्ये `Send` शेजारच्या बाणावर `Schedule send` आहे. तिथे दिलेल्या तयार वेळा, जसं ‘उद्या सकाळी’, या तुमच्या सकाळच्या असतात, क्लायंटच्या नव्हे. `Pick date & time` मध्ये जाऊन आपली काढलेली वेळ, या उदाहरणात 10 मार्च, संध्याकाळी 6:37, स्वतः लिहा. मेल मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे जाऊ शकतो, त्याने काही बिघडत नाही.

जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये हीच सोय `Delay Delivery` नावाने आहे. तिथे एक अट लक्षात ठेवा: खातं पॉप किंवा आयमॅप प्रकारचं असेल, तर ठरलेल्या वेळेला आउटलुक उघडं असावं लागतं. लॅपटॉप बंद करून तुम्ही घरी गेलात तर मेल आउटबॉक्समध्येच बसून राहतो आणि सकाळी आउटलुक उघडल्यावर सुटतो, म्हणजे तिकडे मध्यरात्री. पहिल्यांदा वापरताना स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक मेल शेड्यूल करा, लॅपटॉप बंद करा आणि फोनवर तो वेळेत येतो का ते बघा.

लावलेला मेल जायच्या आधी एकदा पुन्हा वाचायची सवय ठेवा. मधल्या काळात क्लायंटचाच मेल येऊन गेलेला असू शकतो, आणि मग तुमचं ‘आपल्या उत्तराची वाट पाहतोय’ हे वाक्य विचित्र दिसतं. याच कारणासाठी मजकुरात ‘आज’, ‘उद्या’, ‘काल बोलल्याप्रमाणे’ हे शब्द नकोत. तुमची रात्र आणि त्यांची सकाळ एकाच तारखेची असेलच असं नाही. मुदत लिहायची तर वार, तारीख, महिन्याचं नाव आणि शहर सगळं लिहा: गुरुवार, 12 मार्च, न्यूयॉर्क वेळेनुसार संध्याकाळी 5 पर्यंत. नुसतं 12/03 लिहिलं तर अमेरिकेत तो 3 डिसेंबर होतो.

वेळ बरोबर निवडली हे कळणार कसं?

मेल उघडला की नाही हे सांगणाऱ्या साधनांवर माझा भरवसा नाही, आणि तुम्हीही ठेवू नये. ही साधनं मेलमध्ये एक न दिसणारं चित्र घालतात आणि ते केव्हा उतरवलं गेलं ते मोजतात. पण अ‍ॅपलने 2021 मध्ये आपल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी गोपनीयतेची सोय आणली की ती चालू असेल तर चित्रं आधीच परस्पर उतरवून घेतली जातात, माणसाने मेल बघितलेला असो वा नसो. तुम्हाला ‘पहाटे 4:10 ला उघडला’ असं दिसतं आणि तुम्ही पहाटेची वेळ चांगली असं समजून बसता.

मोजायचं ते उत्तराला लागलेला वेळ. एका शीटमध्ये पाच रकाने पुरतात: क्लायंट, मेलचा प्रकार, पाठवल्याचा वार आणि त्यांच्या घड्याळातली वेळ, उत्तर आल्याची त्यांच्या घड्याळातली वेळ, आणि निर्णय होईपर्यंत किती फेऱ्या झाल्या. प्रकार लिहिणं फार गरजेचं आहे. पोचपावतीला दहा मिनिटांत उत्तर येतं आणि कोटेशनला दोन दिवस लागतात. ही दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही. कोटेशनची तुलना कोटेशनशीच करा.

या नोंदींकडून किती अपेक्षा ठेवायची तेही नीट समजून घ्या. सकाळी पाठवलेल्या मेलचा निर्णय त्याच दिवशी होतो आणि दुपारी पाठवलेल्याचा दुसऱ्या दिवशी, हा फरक मोजक्या नोंदींतही दिसतो, कारण त्यामागे झोपेचं आणि ऑफिसच्या वेळेचं साधं कारण आहे. 9:07 चांगली की 9:40, हे मात्र तेवढ्या नोंदींतून कधीच ठरणार नाही. अगदी दोनशे जणांच्या यादीचे दोन भाग केले, एका शंभराला मंगळवारी आणि दुसऱ्या शंभराला गुरुवारी मेल पाठवला, आणि 12 विरुद्ध 16 उत्तरं आली, तरी तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. पुढच्या वेळी तो सहज उलटा पडेल. वेगळे दोन गट करून तोच प्रयोग तीन-चारदा केल्यावरही गुरुवारच पुढे राहिला, तरच त्यावर विश्वास ठेवा.

एखाद्या क्लायंटच्या उत्तरांचा वेळ अचानक लांबला, तर आधी दोन गोष्टी तपासा: मधल्या काळात घड्याळ बदललं का, आणि त्यांच्या मेलमधली वेळेची ओळ अजूनही तेच अंतर दाखवते का. लोक प्रवासाला जातात, दुसऱ्या शहरात राहायला जातात, आणि हे आपल्याला कळवण्याचं त्यांना काही कारण नसतं. अंतर बदललेलं दिसलं तर जुनी वेळ सोडून द्या आणि त्यांच्या नव्या उत्तरांवरून पुन्हा पहिल्यापासून वेळ काढा. अंतर तेच असेल, तर अडचण वेळेत नसून मेलच्या मजकुरात किंवा मंजुरीच्या साखळीत आहे. तेव्हा तास बदलत बसण्यापेक्षा त्यांच्या सकाळी एक फोन करा.